जर्मनीतले 992 युरो महिनाभर कसे पुरवायचे

नाशिकमधून दरवर्षी बरीच मुलं मास्टर्ससाठी जर्मनीला जातात. व्हिसाच्या वेळी त्या सगळ्यांच्या घरात एक आकडा पाठ होतो: 11,904 युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एवढी रक्कम आधी भरावी लागते, आणि तिथे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला 992 युरो मुलाच्या खात्यात येतात. शंभर रुपयांना एक युरो असा सोपा भाव धरला तर महिन्याला जवळपास एक लाख रुपये. गंगापूर रोडवर दोन खोल्यांचं भाडं भरून घर चालवणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून वाटतं, एका मुलाला एवढे पैसे पुरून उरतील. आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरी फोन येतो, "बाबा, थोडे पैसे पाठवता का?"

मुलगा उधळ्या असतो असं नाही. बहुतेक वेळा चूक मांडणीत असते. पैसे महिन्याच्या ठेक्यावर येतात, पण खर्च त्या ठेक्यावर येत नाहीत. घरभाडं महिन्याला, फोनचं रिचार्ज 28 दिवसांनी, रेडिओ-टीव्हीची वर्गणी तीन महिन्यांनी, युनिव्हर्सिटीची फी सहा महिन्यांनी, हीटिंगचा हिशेब वर्षाने. ज्या महिन्यात यातलं काहीच येत नाही त्या महिन्यात दीडशे युरो शिल्लक दिसतात, ते खर्च होतात, आणि पुढच्या महिन्यात तीन बिलं एकदम दारात उभी राहतात. म्हणून बजेट करताना पहिलं काम एकच. प्रत्येक खर्च किती दिवसांनी येतो ते लिहायचं आणि त्याला महिन्याच्या मापात आणायचं.

एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब करू. समजा, सातपूरला वाढलेली, वय 23, अशी एक मुलगी आखन शहरात मास्टर्सला चालली आहे. तीन जणींनी मिळून घेतलेल्या घरात तिला एक खोली मिळाली आहे. जर्मनीत अशा घराला "वेगे" म्हणतात. खालचे काही आकडे कायद्याने किंवा नियमाने ठरलेले आहेत, काही उदाहरणापुरते धरले आहेत. कुठले कुठल्या प्रकारातले ते सांगत जाऊ. आपल्या शहराप्रमाणे धरलेले आकडे बदलायचे, रीत तीच ठेवायची.

भाडं: दोन आकड्यांतला फरक

जर्मन जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. "काल्टमीटे" म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. "वार्ममीटे" म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे खर्च धरून. बजेटमध्ये नेहमी दुसरा आकडा लिहायचा. आपल्या उदाहरणात काल्टमीटे 300 आणि वार्ममीटे 430 युरो धरू. वीज आणि इंटरनेट यात आहे की वेगळं, हे मात्र विचारूनच घ्यावं लागतं, कारण "वार्म" म्हटलं तरी वीज बहुतेकदा वेगळीच असते. आपण ती या 430 मध्ये आहे असं धरतो. तुमच्याकडे नसेल तर वेगळी ओळ करा.

आता करारातला एक शब्द शोधायचा. वरच्या 130 युरोंसमोर "फोराउसत्सालुंग" लिहिलं असेल तर ते आगाऊ हप्ते आहेत. वर्षाअखेरीला खरा खर्च मोजला जातो, आणि तुम्ही हिवाळाभर खिडकी उघडी ठेवून हीटर चालवला असेल तर फरक भरावा लागतो. "पाउशाले" लिहिलं असेल तर रक्कम ठरलेली आहे, मागाहून बिल येत नाही. पहिल्या प्रकारात आणखी एक गोम आहे: हिशेब पाठवायला मालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यानंतर 12 महिने मिळतात. म्हणजे 2026 च्या जानेवारीत वापरलेल्या उष्णतेचा फरक 2027 च्या डिसेंबरात मागितला जाऊ शकतो. तोवर मुलीच्या लक्षातही नसतं की असं काही राहिलं आहे. म्हणून करारात फोराउसत्सालुंग दिसलं की त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचेच. पैसे परतही मिळू शकतात, पण त्यावर बजेट उभं करू नये.

भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचावं लागतं. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला येतात. मध्ये रविवार किंवा सुट्टी आली की हे दोन्ही दिवस एकमेकांच्या अगदी जवळ येतात. खात्यात पैसे नसताना भाड्याचं किंवा विम्याचं ऑटो-डेबिट आलं तर ते परत जातं, समोरचा त्याचा दंड लावतो आणि स्मरणपत्र पाठवतो. ते टाळायला खात्यात एका भाड्याएवढी रक्कम कायम पडून राहिली पाहिजे. पहिल्या वर्षी ती घरूनच नेलेली बरी.

पोचण्याचा महिना वेगळा मांडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 992 युरो विमानतळावर उतरल्या दिवशी हातात येत नाहीत. त्यासाठी जर्मन बँकेत खातं हवं, काही बँका ते उघडायला पत्त्याची नोंदणी मागतात, नोंदणीसाठी राहायची जागा आणि घरमालकाची सही असलेला कागद हवा. नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, पण मोठ्या शहरात सरकारी कार्यालयाची वेळ मिळायलाच आठवडे लागतात. ही साखळी पूर्ण होईपर्यंत एक महिना सहज जातो. त्या महिन्याचे पैसे नाशिकहूनच सोबत न्यावे लागतात.

किती? आपल्या मुलीचं असं होईल. अनामत रक्कम, म्हणजे "काउत्सिओन", कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे: 900 युरो. पहिलं भाडं 430. आरोग्य विम्याचा पहिला हप्ता 150. गादी, पांघरूण, कुकर-तवा, टेबललॅम्प यांना 150. पहिल्या महिन्याचं खाणं 250, कारण मीठ-मसाला-तेलापासून सगळंच एकदम घ्यावं लागतं. रेसिडेन्स परमिटचं कार्ड 100. सप्टेंबरात पोचली आणि सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होत असेल तर त्या महिन्याचं डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल-प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट, 63, आणि सिमकार्ड 10. बेरीज 2,053 युरो. दोन हजारांच्या खालचा आकडा घेऊन निघणं धोक्याचं.

यातली अनामत हलकी करता येते, आणि हे फार कमी मुलांना माहीत असतं. जर्मन कायद्याप्रमाणे भाडेकरूला ती तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क आहे: पहिला हप्ता करार सुरू होताना, उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांसोबत. म्हणजे आपल्या मुलीला पहिल्या महिन्यात 900 ऐवजी 300 द्यावे लागतील आणि सोबतची रक्कम 1,453 वर येईल. पण मग पुढच्या दोन महिन्यांत 992 मधून 300-300 जाणार, ते झेपणार नाहीत. त्यामुळे घरून पैसे पूर्णच न्या, हप्त्यांचा उपयोग फक्त इतर खर्च अंगावर आला तर करा.

ही रक्कम फॉरेक्स कार्डवर आणि थोडी रोख अशी न्यावी. अनामत मात्र नाशिकला बसून, घर न पाहता, कुणाला पाठवू नका. "मालक परदेशात आहे, पैसे मिळाले की किल्ली पोस्टाने पाठवतो" असं सांगणारी प्रत्येक जाहिरात फसवी समजायची. विद्यार्थी-वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची खोली असेल तर आगाऊ पैसे भरणं रीतीचं आहे, पण तेव्हाही खातं संस्थेच्या नावावर असतं, व्यक्तीच्या नाही.

ठरलेले खर्च

पहिला महिना बाजूला ठेवला की नेहमीचा महिना सोपा होतो. आरोग्य विमा सक्तीचा आहे. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा महिन्याला साधारण 145 ते 155 युरोंना पडतो. नेमकी रक्कम कंपनीवर आणि वयावर अवलंबून, 23 पूर्ण झाल्यावर मूल नसलेल्यांना थोडी जास्त. आपण 150 धरू. खातं उघडायला उशीर झाला तर पहिल्या डेबिटमध्ये दोन महिन्यांचे पैसे एकत्र जाऊ शकतात, त्या दिवशी 300 जाताना पाहून घाबरायचं नाही, पण ते खात्यात हवेत.

प्रवासाच्या ओळीत मुलं शून्य लिहितात, आणि ते अर्धंच खरं आहे. बहुतेक युनिव्हर्सिटींत सेमिस्टर-फीमध्येच देशभर चालणारं विद्यार्थ्यांचं तिकीट येतं. त्यावर शहरातली बस, ट्राम आणि देशभरातल्या लोकल-प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. पण ती सेमिस्टर-फी दर सहा महिन्यांनी भरावी लागते. आपल्या उदाहरणात 330 युरो धरली तर महिन्याला 55. म्हणजे प्रवास फुकट नाही, तो या 55 मध्ये आहे. पुढच्या सेमिस्टरची फी भरायची मुदत साधारण जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑगस्ट या काळात येते, आणि ती चुकली तर विलंबशुल्क, त्याहून उशीर झाला तर नावच कमी होतं. नाव कमी झालं की रेसिडेन्स परमिटचाही प्रश्न येतो. सगळ्या यादीत ही एक रक्कम अशी आहे की तिला हात लावायचाच नाही.

तिकीट फोनमध्ये असेल आणि फोन बंद पडला तर तपासनीस विनातिकीट धरतो: 60 युरो. तिकीट तुमच्याच नावाचं असेल तर ठरलेल्या मुदतीत कार्यालयात दाखवून दंड 7 युरोंवर आणता येतो. तपासनीसाने दिलेला कागद म्हणूनच फेकू नये. पॉवरबँक नाशिकहून नेलेली परवडते.

फोनचं गणित आपल्याला इथेच माहीत आहे. प्रीपेड प्लॅन तिकडेही बहुतेक चार आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षात 12 नाही, 13 रिचार्ज. 10 युरोंचा प्लॅन असेल तर वर्षाचे 130, महिन्याचे जवळपास 11. फोनसकट मिळणारे 24 महिन्यांचे करार पहिल्या वर्षी टाळावेत. मध्येच शहर किंवा देश बदलला तरी हप्ते चालू राहतात.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी ही भारतीय घरांना सगळ्यात अनोळखी गोष्ट. घरात टीव्ही असो-नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावे लागतात, आणि बिल तीन महिन्यांचं एकत्र येतं: 55.08. पत्त्याची नोंदणी झाली की काही आठवड्यांत पत्र येतं. बरीच मुलं ते जाहिरात समजून टाकून देतात. मग मागच्या सगळ्या महिन्यांची वसुली दंडासह येते. वेगेमध्ये घराला एकच वर्गणी लागते, म्हणून तिघींत वाटली तर आपल्या मुलीचे महिन्याला 6 युरो. आधीच दुसरी मैत्रीण भरत असेल तर तिचा वर्गणी क्रमांक पत्राच्या उत्तरात कळवायचा, काम संपलं. वसतिगृहात मात्र खोलीचं दार थेट सामाईक व्हरांड्यात उघडत असेल तर ती खोलीच स्वतंत्र घर मानली जाऊ शकते आणि पूर्ण 18.36 एकट्याला पडतात.

शेवटचा छोटा खर्च म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, महिन्याला 5 युरोंच्या आसपास. सक्तीचा नाही. पण घराची किल्ली हरवली आणि अख्ख्या इमारतीची कुलपं बदलावी लागली तर बिल हजारात जाऊ शकतं. घेताना किल्ली हरवण्याचा समावेश आहे का तेवढं बघा.

आता बेरीज करू: भाडं 430, विमा 150, सेमिस्टर-फी 55, वर्गणी 6, फोन 11, नुकसानभरपाईचा विमा 5. एकूण 657. हातात उरले 335. एक लाख रुपयांच्या महिन्यातले दोन तृतीयांश दुकानात पाऊल टाकण्याआधीच संपलेले असतात. नाशिकला बसलेल्या आईबाबांनी हा आकडा आधी पाहिला तर पुढचे निम्मे वाद टळतात.

खाणं आठवड्याने मोजा

खाण्यासाठी 200 युरो ठेवू. पण 200 युरो महिना अशा मापात खाणं सांभाळता येत नाही, कारण 20 तारखेला कळतं की संपले. त्याला आठवड्यात तोडायचं. आणि इथे चारने भागायचं नाही: वर्षात 52 आठवडे असतात, म्हणून 200 गुणिले 12 भागिले 52, म्हणजे साधारण 46 युरो. चारने भागून 50 धरणाऱ्याचे वर्षाअखेरीस 200 युरो जास्त गेलेले असतात.

46 चे दोन भाग करा. युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये, "मेन्झा"मध्ये, विद्यार्थ्याचं जेवण साधारण 4 युरोंत होतं. आठवड्याला चार दुपारी तिथे जेवलं तर 16. उरलेल्या 30 मध्ये बाकीचा सगळा स्वयंपाक. तो होतो, पण खरेदी कुठून करता यावर. दूध, दही, अंडी, बटाटे, कांदे, कोबी, गाजर हे आल्डी-लिडलसारख्या स्वस्त सुपरमार्केटमधून. मसुराची डाळ आणि काबुली चणे तिथेच जर्मन नावाने मिळतात. कोथिंबीर, मिरच्या, तांदळाची मोठी पिशवी तुर्की दुकानातून. इंडियन स्टोअरमध्ये फक्त तूरडाळ, कणीक, पोहे अशा वस्तूंसाठी महिन्यातून एकदा जायचं. तिथे आठवड्याची भाजी घेतली की 30 चा हिशेब मोडतो.

घरून गोडा मसाला, लाल तिखट, मेतकूट, चिवडा न्यायला हरकत नाही. तूप, पेढे, खवा, चीज मात्र बॅगेत घालू नका: युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि द्राक्षंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आईने प्रेमाने दिलेला तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला जातो.

बजेट गळण्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत. पहिली रविवार. जर्मनीत रविवारी सुपरमार्केट बंद असतात. शनिवारी संध्याकाळी खरेदी राहिली की रविवारी स्टेशनवरच्या किंवा पेट्रोलपंपावरच्या दुकानात जावं लागतं, आणि तीच वस्तू बऱ्याच चढ्या भावाने मिळते. नाहीतर बाहेर जेवण. एका रविवारी 15 युरो गेले की आठवड्याचा तिसरा हिस्सा गेला. खरेदी शुक्रवारी करायची सवय लावली की हा प्रश्न सुटतो.

दुसरी जागा बाटल्यांची ठेव, "फांड". एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर किंवा कॅनवर 25 सेंट जास्त घेतले जातात आणि बाटली मशीनमध्ये परत केली की मिळतात. सहा बाटल्यांमागे दीड युरो. खोलीच्या कोपऱ्यात चाळीस बाटल्या साचल्या तर दहा युरो तिथे पडून आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी तर बाटलीची गरजच नाही, नळाचं पाणी तिथे सरळ प्यायलं जातं.

अचानक येणारे खर्च खरं तर दोन प्रकारचे

आता उरले 335 वजा 200, म्हणजे 135. यातले 45 कपडे, केस कापणं, वाढदिवस, एखादा सिनेमा यांना. उरलेल्या 90 चे दोन डबे करायचे, आणि ते एकत्र करायचे नाहीत.

पहिल्या डब्यात 30. हे असे खर्च की जे येणार हे नक्की माहीत आहे, फक्त तारीख माहीत नाही. हीटिंगच्या फरकाला 110, रेसिडेन्स परमिट वाढवायला 100, हिवाळ्याचं जॅकेट आणि बूट यांना 150. बेरीज 360, महिन्याला 30. जॅकेट तिथेच घ्या. नाशिकच्या थंडीतला स्वेटर आत घालायला उपयोगी पडतो, पण वारा आणि ओला बर्फ अडवणारं कापड वेगळं असतं.

दुसऱ्या डब्यात 60. हे खरोखर अचानक येणारे: लॅपटॉप बिघडणं, सायकल चोरीला जाणं, दातदुखी, घाईने घर बदलणं. वर्षाचे 720 होतात. सार्वजनिक विमा डॉक्टर आणि हॉस्पिटल सांभाळतो, पण औषधांवर साधारण 5 ते 10 युरो आपल्याला भरावे लागतात, आणि मोठ्या माणसांच्या साध्या नंबरचा चष्मा त्यात येत नाही. म्हणून निघण्याआधी चष्म्याची दुसरी जोडी आणि दातांची राहिलेली कामं नाशिकमध्येच उरकून घ्यावीत. या डब्यावरचा भार त्याने बराच कमी होतो.

दोन डबे वेगळे ठेवायचं कारण असं. एकच डबा असला की डिसेंबरात त्यात तीनशे युरो साठलेले दिसतात, "इमर्जन्सीला आहेत ना" म्हणून लॅपटॉप दुरुस्त होतो, आणि फेब्रुवारीत परमिटचे पैसे नसतात.

पैसे आले त्या दिवशी

डबे कागदावर ठेवून भागत नाही. बहुतेक जर्मन बँका मुख्य खात्याला जोडलेलं दुसरं फुकट खातं किंवा उपखातं देतात. 992 आले त्याच दिवशी सेमिस्टर-फीचे 55, वर्गणीचे 6, आणि दोन डब्यांचे 30 व 60, असे 151 युरो तिकडे वळवायचे. त्यासाठी कायमची सूचना लावून ठेवता येते. मुख्य खात्यात भाडं, विमा, फोन आणि नुकसानभरपाईचा विमा मिळून 596 जायला थांबलेले असतात. राहिले 245: खाण्याचे 200 आणि इतर 45. खर्च करायचे पैसे म्हणजे हेच. बँकेचं ॲप 992 दाखवतं, पण मुलीने डोक्यात 245 ठेवायचे.

नोंदीसाठी खास ॲप लागत नाही. गूगल शीटमध्ये चार रकाने पुरतात: तारीख, प्रकार, रक्कम, टीप. ऑक्टोबरच्या खाण्याची बेरीज अशी:

```
=SUMIFS(C:C,B:B,"खाणं",A:A,">="&DATE(2026,10,1),A:A,"<"&DATE(2026,11,1))
```

यात एक ठरलेली अडचण येते. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग जर्मनी असेल तर सूत्रात स्वल्पविरामाऐवजी `;` लागतो, आणि दशांशासाठी टिंब नाही, स्वल्पविराम लागतो. तेव्हा 4.50 टाइप केलं की शीट ते संख्या म्हणून धरत नाही, कधी तारीख समजते, आणि ती रक्कम बेरजेत चुकते. ओळखायची खूण: बेरीज नेहमीपेक्षा विचित्र आली, किंवा रक्कम रकान्याच्या उजवीकडे न जाता डावीकडे चिकटली. सेटिंग भारत ठेवा आणि टिंबच वापरा. बिलं वाचताना मात्र उलटं लक्षात ठेवावं लागतं: तिथे 1.200,00 म्हणजे बाराशे युरो.

नोंद रोज केली नाही तरी चालते, आठवड्यातून एकदा, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून, वीस मिनिटांत होते. तपासणी महिन्याच्या 15 तारखेला. तोवर खाण्याच्या ओळीत शंभरपेक्षा फार जास्त दिसले तर पुढच्या आठवड्यात मेन्झा वाढवून बाहेरचं खाणं थांबवायचं. महिना संपल्यावर कळून उपयोग नसतो. आणि प्रत्येक खरेदी रुपयांत करून पाहायची नाही; कॉफी तीनशे रुपयांची आहे हे कळून 46 युरोंचा आठवडा सांभाळला जात नाही. हिशेब ज्या चलनात पैसे येतात त्याच चलनात ठेवायचा.

रुपयाचा विचार घरच्यांनी करायचा, आणि तो दुसऱ्या वर्षासाठी. पहिल्या वर्षाचे पैसे युरोंत बदलून झालेले असतात, त्यामुळे भाव वाढला तरी मुलीच्या 992 ला धक्का नाही. पण परमिट वाढवताना पुढच्या काळासाठी पुन्हा पैसे दाखवावे लागतात. युरो शंभरवरून 105 वर गेला तर 11,904 युरोंसाठी 59,520 रुपये जास्त लागतात. तेवढी फट घरच्या बजेटमध्ये आधीच ठेवावी.

पार्ट-टाइम नोकरीचे पैसे पहिल्या सेमिस्टरच्या बजेटमध्ये धरू नयेत. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, पण काम मिळायला भाषा आणि वेळ लागते, आणि परीक्षेच्या महिन्यात ते बंदही करावं लागतं. काम मिळालं की पहिले दोन-तीन पगार त्या "एका भाड्याएवढ्या" शिल्लकेत टाकावेत.

शिक्षण संपवून घर सोडताना शेवटचा हिशेब अनामतीचा असतो. भाडेकरूला साधारणपणे तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर रिकाम्या खोलीचं भाडं चालू राहतं. किल्ली परत करताना खोलीचे फोटो काढा आणि मालकाकडून ताबापत्रावर सही घ्या. करारात फोराउसत्सालुंग असेल तर हीटिंगचा शेवटचा हिशेब होईपर्यंत मालक अनामतीचा काही भाग अडवून ठेवू शकतो. त्यामुळे नाशिकला परत आलात किंवा दुसऱ्या देशात गेलात तरी अनामत पूर्ण जमा होईपर्यंत जर्मन बँकेतलं खातं बंद करू नका.